अंदाज-प्रत्यक्ष तफावत तक्ता

अंदाज-प्रत्यक्ष तफावत तक्ता म्हणजे अंदाजपत्रकात प्रत्येक बाबीसाठी धरलेली रक्कम आणि त्या कालावधीत प्रत्यक्ष जमा किंवा खर्च झालेली रक्कम शेजारी-शेजारी मांडून त्यांतील फरक, त्या फरकाची अंदाजाशी टक्केवारी आणि लक्ष वेधणारा रंग दाखवणारा तक्ता. लहान कार्यालयात तो बहुधा स्प्रेडशीटवर दरमहा तयार होतो.

या तक्त्यातील पहिला घोटाळा चिन्हाचा असतो. प्रत्यक्षातून अंदाज सरसकट वजा केला, तर खर्चाच्या ओळीतील अधिक चिन्ह वाईट आणि उत्पन्नाच्या ओळीतील तेच चिन्ह चांगले ठरते, त्यामुळे रंगाचा एकच नियम दोन्हींना लावता येत नाही. म्हणून A स्तंभात ‘खर्च’ किंवा ‘उत्पन्न’ हा प्रकार, B मध्ये बाब, C मध्ये अंदाज आणि D मध्ये प्रत्यक्ष रक्कम लिहून तफावत व टक्केवारी E आणि F मध्ये पुढीलप्रमाणे काढणे अधिक सोयीचे. मग उणे चिन्ह सर्वत्र प्रतिकूल तफावतच दाखवते.

```
E2: =IF(A2="खर्च",C2-D2,D2-C2)
F2: =IF(C2=0,"",E2/C2)
```

समजा, लेखनसामग्रीचा अंदाज 2,000 व खर्च 2,600 आहे, तर भाड्याचा अंदाज 60,000 व खर्च 63,600 आहे. पहिली तफावत उणे 600, म्हणजे उणे 30 टक्के. दुसरी उणे 3,600, म्हणजे अवघी उणे 6 टक्के. केवळ ‘10 टक्क्यांहून अधिक ते लाल’ असा नियम ठेवला, तर कागद-पेनांची ओळ लाल होते आणि सहापट मोठी तफावत असलेले भाडे नजरेतून सुटते. यासाठी रक्कम आणि टक्केवारी या दोन्ही मर्यादा एकत्र लावाव्या लागतात.

```
=AND($E2<=-3000,OR($C2=0,$F2<=-5%))
```

हा नियम सशर्त स्वरूपणात लाल रंगासाठी दिल्यास भाडे लाल होते, लेखनसामग्री होत नाही. यातील `$C2=0` हा भाग वगळू नये. अंदाजात नसलेली 9,000 ची अचानक दुरुस्ती निघाली, तर तिची टक्केवारी काढता येत नाही, F चा चौकोन रिकामा राहतो आणि त्या भागाशिवाय ती ओळ रंगाविना राहते. वास्तविक, आधी विचारच न झालेल्या खर्चाचीच चौकशी प्रथम व्हायला हवी.

लाल रंग दर वेळी उधळपट्टी दाखवतोच असे नाही. वर्षातून एकदाच भरायचा 24,000 चा विमा हप्ता अंदाजात दरमहा 2,000 असा विभागला, तर अकरा महिने 2,000 ची खोटी बचत आणि भरणा झालेल्या महिन्यात उणे 22,000 दिसते. अशा बाबीचा अंदाज ज्या महिन्यात पैसे जायचे त्याच महिन्यात मांडावा.

एकूण ओळीची टक्केवारी वरच्या टक्केवाऱ्यांची सरासरी घेऊन काढू नये. ती एकूण तफावतीला एकूण अंदाजाने भागूनच मिळते, आणि ही बेरीजही उत्पन्न व खर्च यांची स्वतंत्र ठेवावी. तक्ता काळ्या-पांढऱ्या छपाईत किंवा लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या वाचकापर्यंत जाणार असेल, तर रंगाशेजारी ‘जादा’, ‘कमी’ असे शब्द देणारा स्तंभ जोडतात.