किल्लारी ६.२, भूज ७.६: मधल्या १.४ मध्ये सव्वाशे पट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरवणाऱ्या भूकंपाचे परिमाण ६.२ होते. २६ जानेवारी २००१ ला भूजजवळ झालेल्या भूकंपाचे ७.६, आणि २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ समुद्रतळाखाली झालेल्या भूकंपाचे ९.१. हे तीन आकडे शेजारीशेजारी वाचले की भूजचा भूकंप किल्लारीपेक्षा थोडासा मोठा असेल, सुमात्राचा फार तर दीडपट, असेच वाटते. खरे उत्तर वेगळे आहे. भूजचा भूकंप किल्लारीच्या सुमारे सव्वाशे पट मोठा होता आणि सुमात्राचा तब्बल बावीस हजार पट.

कारण बातम्यांत येणारा हा आकडा म्हणजे मूळ मोजमाप नव्हे. मूळ मोजमाप प्रचंड मोठे असते; त्याचा लघुगणक काढून, त्याला थोडे घासूनपुसून, तो आकडा आपल्यापुढे ठेवलेला असतो. म्हणून आधी ते मूळ मोजमाप पाहू.

जमिनीखालच्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासत अचानक सरकतात, तेव्हा भूकंप होतो. तो किती मोठा हे तीन गोष्टींवरून ठरते: भेगेचा किती भाग सरकला, किती अंतर सरकला आणि तिथला खडक किती ताठर आहे. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे भूकंपीय आघूर्ण. केइती आकी या जपानी भूकंपशास्त्रज्ञाने ही राशी १९६६ मध्ये वापरात आणली. तिचे एकक न्यूटन-मीटर. मीटरभर लांबीच्या हलक्या दांडीच्या टोकाला शंभर ग्रॅमचे वजन अडकवून दांडी आडवी धरली, तर मनगटावर साधारण १ न्यूटन-मीटर पीळ पडतो.

आता सुमात्राचा हिशेब मांडू. सरकलेल्या भागाची लांबी सुमारे १३०० किलोमीटर. रुंदी ठोकळमानाने १५० किलोमीटर आणि सरासरी सरक १० मीटर धरू. अशा खडकाची ताठरता दर चौरस मीटरला तीन हजार कोटी न्यूटनच्या आसपास असते. हे सगळे मीटर आणि न्यूटनमध्ये आणून शून्यांसकट गुणायला गेलो, तर चुकण्याची खात्रीच. त्याऐवजी प्रत्येक संख्येचे दोन भाग करू: पुढे १ ते १० मधला गुणक आणि मागे दहाचा घात.

```
लांबी    1.3 × 10⁶
रुंदी    1.5 × 10⁵
सरक     1 × 10¹
ताठरता   3 × 10¹⁰
```

गुणक गुणले की 1.3 × 1.5 × 1 × 3 = 5.85. घातांकांची नुसती बेरीज करायची: 6 + 5 + 1 + 10 = 22. म्हणून आघूर्ण आले 5.85 × 10²² न्यूटन-मीटर, म्हणजे ५८५ वर वीस शून्ये. भास्कराचार्यांनी दिलेल्या संख्यानामांच्या मालिकेत शेवटचे नाव परार्ध, म्हणजे 10¹⁷. त्या मापाने हे पाच लाख ८५ हजार परार्ध झाले. एवढ्या समृद्ध मालिकेलाही इथे लाखाची मदत घ्यावी लागते; दहाच्या घाताला मात्र २२ हा एक आकडा पुरतो.

या लेखनपद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट शून्ये वाचण्याच्या पलीकडची आहे. गुणकात किती अंक लिहिले, त्यावरून त्या मोजमापावर किती भरवसा ठेवायचा हे कळते. आपण रुंदी आणि सरक ठोकळमानाने घेतली, तेव्हा 5.85 मधला शेवटचा पाच अर्थहीन आहे. प्रामाणिकपणे लिहायचे तर 6 × 10²² एवढेच. ५८५ वर वीस शून्ये असे लिहिले, की त्यातले कोणते शून्य मोजलेले आणि कोणते केवळ जागा भरणारे, हे समजायला मार्गच उरत नाही.

लघुगणक आता एका पायरीवर आहे. दहाचा कितवा घात घेतला म्हणजे दिलेली संख्या मिळेल, हे सांगणारा आकडा म्हणजे तिचा सामान्य लघुगणक. 10²² चा लघुगणक 22. गुणक 5.85 चा लघुगणक लॉग टेबलमध्ये 0.767 सापडतो. दोन्ही मिळून 22.767. यातला पूर्णांक दहाचा घात सांगतो आणि दशांश भाग गुणक सांगतो.

हिरू कानामोरी आणि थॉमस हँक्स यांनी १९७९ मध्ये मांडलेले आघूर्ण-परिमाण यावरूनच निघते. आज रूढ असलेले सूत्र असे, त्यात Mw म्हणजे परिमाण आणि M₀ म्हणजे आघूर्ण:

```
Mw = (2/3) × (log M₀ − 9.1)
```

22.767 मधून 9.1 वजा केले की 13.667, त्याचे दोन तृतीयांश 9.11. कागदावरच्या चार ठोकळ संख्यांमधून सुमात्राचे ९.१ हाती आले. सूत्रातल्या दोन तृतीयांश आणि ९.१ या संख्या नवे परिमाण जुन्या रिश्टर मापनाशी जुळून यावे यासाठी बेतलेल्या आहेत. सुमात्राच्या भूकंपाचे परिमाणही योगायोगाने ९.१ आहे, या दोन ९.१ मध्ये गल्लत नको.

उलट दिशेने किल्लारी आणि भूज पाहू. परिमाणाची दीडपट करून त्यात 9.1 मिळवायचे. किल्लारी: 9.3 + 9.1 = 18.4. भूज: 11.4 + 9.1 = 20.5. दोन लघुगणकांची वजाबाकी 2.1. लघुगणकांची वजाबाकी म्हणजे मूळ संख्यांचा भागाकार; म्हणून भूजचे आघूर्ण किल्लारीच्या 10²·¹ पट. यातला 2 म्हणजे शंभर पट, 0.1 म्हणजे 1.26 पट. मिळून १२६. परिमाणातला फरक एकाचा असेल तर आघूर्णात 10¹·⁵ पट, म्हणजे सुमारे ३२ पट फरक पडतो. लाटांमधून बाहेर पडणारी ऊर्जाही साधारण त्याच प्रमाणात वाढते. ‘परिमाण एकाने वाढले म्हणजे भूकंप दहापट मोठा’ असे वर्तमानपत्रात वाचायला मिळते. ती दहापट भूकंपमापकावर उमटणाऱ्या लाटेच्या उंचीची असते, भूकंपाच्या आघूर्णाची किंवा ऊर्जेची नव्हे.

पातळीपुरतेच बोलायचे असेल, तर लघुगणक जवळच्या पूर्णांकात घ्यायचा. किल्लारी 18.4, म्हणजे पातळी 10¹⁸. सुमात्रा 22.767, म्हणजे 10²³. इथे बरेच जण अडखळतात, कारण गुणक पाचच्या पुढे गेला तरच वरची पातळी, असे ते धरतात. लघुगणकाच्या पट्टीवर अर्धी वाट ५ वर येत नाही. ती 10⁰·⁵ वर, म्हणजे 3.16 वर येते, कारण १ चे ३.१६ पट केले आणि पुन्हा ३.१६ पट केले की १० होतात. भूजचे आघूर्ण 3.2 × 10²⁰ नेमके या काठावर बसले आहे. परिमाण ०.१ ने इकडेतिकडे होणे भूकंपशास्त्रात नेहमीचे. भूजचे परिमाण काही ठिकाणी ७.७ असेही दिलेले आढळते. परिमाणात ०.१ म्हणजे लघुगणकात 0.15, म्हणजे आघूर्णात सुमारे १.४ पट. तेव्हा काठावरच्या संख्येला 10²⁰ की 10²¹ असे एकाच खणात कोंबण्यापेक्षा 20.5 असे सरळ लिहावे.

आता दुसरे टोक. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी पट्टी तयार केली, तेव्हा लाटांच्या उंचीतला फरक एका आलेखात मावेना. लघुगणक वापरण्याची सूचना त्यांचे सहकारी बेनो गुटेनबर्ग यांची. शंभर किलोमीटरवरच्या वुड-अँडरसन भूकंपमापकावर १ मिलिमीटर उंचीची रेघ उमटली तर परिमाण ३, असे ठरले. मग शून्य परिमाणाला रेघ हवी एक हजारांश मिलिमीटरची, म्हणजे 10⁻⁶ मीटर. हे यंत्र हालचाल सुमारे दोन हजार पट मोठी करून दाखवते. तर जमीन प्रत्यक्षात किती हलली?

दोन हजारचा लघुगणक 3.301, म्हणून लघुगणकात −6 − 3.301 = −9.301. अकरावी-बारावीचे विद्यार्थी नेमके इथे घसरतात. दशांश भाग 0.301 पाहून ते उत्तर 2 × 10⁻⁹ लिहितात. लॉग टेबलमधला दशांश भाग नेहमी धन असतो. म्हणून −9.301 ची फोड −10 + 0.699 अशी करायची. टेबलांच्या भाषेत ‘बार दहा पॉइंट सहा नऊ नऊ’. 0.699 चा प्रतिलघुगणक 5. उत्तर 5 × 10⁻¹⁰ मीटर, म्हणजे हायड्रोजनचे जेमतेम पाच अणू ओळीने ठेवले तर होईल एवढी लांबी. चुकीचे उत्तर चौपट मोठे निघते, आणि ते ओळखण्याची युक्ती सोपी आहे: −9.301 ही संख्या −10 आणि −9 यांच्यामध्ये आहे, म्हणून उत्तर 10⁻¹⁰ आणि 10⁻⁹ यांच्यामध्येच असले पाहिजे. 2 × 10⁻⁹ त्याच्या बाहेर पडते.

अणूंच्या मापाची ही हालचाल रिश्टर यांना यंत्रावर दिसत नव्हती. नेहमी नोंदल्या जाणाऱ्या लहान धक्क्यांची परिमाणे ऋण येऊ नयेत म्हणून त्यांनी शून्य एवढे खाली ठेवले. पुढे यंत्रे सुधारली आणि खाणींमध्ये शून्याखालची परिमाणेही नोंदली जाऊ लागली. शून्य परिमाण म्हणजे भूकंप नाही, असा अर्थ होतच नाही.

कोयनेच्या परिसरात लहान धक्के सतत बसतात, आणि त्याबरोबर एक समजूत ऐकू येते: बारीक धक्क्यांनी पोटातला ताण निघून जातो, म्हणून मोठा भूकंप टळतो. लोकांच्या मनाला आधार देणारी समजूत आहे, म्हणूनच ती आकड्यांनी तपासायला हवी. किल्लारीएवढा, ६.२ चा, एक भूकंप ३.२ च्या धक्क्यांमधून भागवायचा म्हटले, तर परिमाणातला फरक ३, त्याची दीडपट 4.5, आणि 10⁴·⁵ म्हणजे सुमारे ३२ हजार धक्के लागतील. रोज एक धरला तरी ८६ वर्षे. गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनीच दाखवलेला नियम असा, की परिमाण एकाने उतरले की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. म्हणजे ६.२ च्या एका भूकंपामागे ३.२ चे धक्के हजारभर येतात. हवेत बत्तीस हजार, येतात हजार: जेमतेम तीन टक्के भरपाई. ४.२ ला हवेत हजार, येतात शंभर. ५.२ ला हवेत बत्तीस, येतात दहा. अशा सगळ्या खालच्या पायऱ्यांची बेरीज केली, तरी ती एका मोठ्या भूकंपाच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही.