व्हिजन संपतं, मिशन चालू राहतं

‘प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक घरात एक संगणक’ हे मायक्रोसॉफ्टचं सुरुवातीच्या काळातलं वाक्य. कंपनी ते मिशन म्हणून सांगायची, पण ते खरं तर व्हिजन होतं, कारण ते एक दिवस पूर्ण होणार होतं. निदान श्रीमंत देशांत झालंही. मग पुढे काय? पुढे कंपनीचे सीईओ झालेले सत्या नडेला यांनीही नंतर हेच बोलून दाखवलं, की टिकाऊ मिशन आणि ठरावीक काळाचं उद्दिष्ट यांची आपण गल्लत केली होती.

२०१५ मध्ये नवं मिशन आलं: पृथ्वीवरच्या प्रत्येक व्यक्तीला आणि संस्थेला अधिक काही साध्य करण्यासाठी सक्षम करणं. हे कधी संपणार नाही, त्यामुळे मिशनच आहे. पण मला जुनं वाक्यच जास्त आवडतं. त्यातले संगणक मोजता येतात. नवं वाक्य एखाद्या बँकेलाही चालेल.

व्हिजन म्हणजे आज नसलेली, पण आली की ओळखू येईल अशी स्थिती. मिशन म्हणजे आपण रोज कोणासाठी काय करतो ते.

आता समजा, कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या भिंतीवर लिहिलंय: ‘नावीन्य, गुणवत्ता व शाश्वततेच्या बळावर जागतिक दर्जाचे उपाय देऊन सर्व हितधारकांसाठी मूल्यनिर्मिती करणारी अग्रगण्य कंपनी होणे.’ यात फाउंड्री कुठेच नाही. शब्द बदलत बसण्यापेक्षा प्रत्येक शब्दाला विचारावं, की शॉपफ्लोअरवर तू नेमका कोण? ‘उपाय’ म्हणजे शेतीपंपांची कास्टिंग. ‘हितधारक’ म्हणजे मुख्यतः छोटे पंप कारखानदार, ज्यांची थोड्या नगांची ऑर्डर मोठ्या फाउंड्रीत मागे पडते. ‘गुणवत्ता’ म्हणजे ग्राहकाने मशीनिंग सुरू केल्यावर आतून ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, निघू नयेत. तोवर त्याची मजुरीही वाया गेलेली असते. ‘नावीन्य’ला उत्तर सापडलं नाही, तर ते काढून टाकावं.

मग मिशन असं होतं: ‘छोट्या पंप कारखान्यांना थोड्या नगांचंही निर्दोष कास्टिंग ठरल्या दिवशी देणं.’ आणि व्हिजन: ‘२०३० पर्यंत आमचा माल ग्राहकाने पुन्हा न तपासता थेट मशीनवर चढवावा.’

वाक्य जमलं की नाही, हे एखाद्या अडचणीच्या निर्णयावर लावून पाहावं. मोठ्या वाहन कंपनीची ऑर्डर आली आणि ती घेतली तर छोट्यांच्या तारखा चुकणार आहेत. भिंतीवरचं जुनं वाक्य इथे गप्प बसतं. नवं सांगतं, क्षमता वाढेपर्यंत थांबा. मालकाला हे उत्तर मान्य नसेल, तर चूक भाषेची नाही. धंदा कोणासाठी करायचा, हेच अजून ठरलेलं नाही.

रिजेक्शनची टक्केवारी मात्र यात घालू नये. ती दरवर्षी बदलते. तिची जागा वार्षिक उद्दिष्टांत.