शिक्षक अनुपस्थिती (सरकारी शाळा)

शाळेच्या वेळेत नेमून दिलेला शिक्षक शाळेच्या आवारात हजर नसणे, याला संशोधनात शिक्षक अनुपस्थिती म्हणतात. ती मोजण्यासाठी हजेरीपट वापरत नाहीत. तारीख न टाकलेला किरकोळ रजेचा अर्ज मस्टरमध्ये घडी करून ठेवायचा, साहेब आले तर त्यावर त्या दिवसाची तारीख पडायची आणि कोणी फिरकले नाही तर दुसऱ्या दिवशी अर्ज फाडून सही करायची, ही युक्ती शाळाखात्याला चांगलीच परिचयाची आहे. म्हणून संशोधक आगाऊ न कळवता शाळेत जातात आणि यादीतील प्रत्येक शिक्षक प्रत्यक्ष दिसतो का, एवढेच नोंदवतात.

मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भारतातील सरकारी प्राथमिक शाळांना अशा भेटी दिल्या, तेव्हा सुमारे २५ टक्के शिक्षक जागेवर नव्हते आणि प्रत्यक्ष शिकवत असलेले जेमतेम निम्मे होते. राज्याराज्यांतील अंतर मोठे होते: महाराष्ट्रात सुमारे १५ टक्के, तर झारखंडात सुमारे ४२ टक्के. याउलट, अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा राज्यांच्या अभ्यासात १८.५ टक्के शिक्षक शाळेत नव्हते, पण विनाकारण गैरहजर असलेले अवघे २.५ टक्के निघाले. उरलेले रजेवर, प्रशिक्षणाला किंवा अन्य शासकीय कामावर होते. हे आकडे एकमेकांना खोडत नाहीत. २५ टक्के हा आकडा वर्गाचे नुकसान सांगतो, २.५ टक्के हा शिक्षकाचा दोष किती ते सांगतो, आणि वादात बहुधा एकाच्या जागी दुसरा फेकला जातो.

कारणांचा शोध घेताना पगार कमी म्हणून शिक्षक येत नाहीत, हे अनुमान टिकले नाही. क्रेमर यांच्या पाहणीत जास्त पगाराचे, वयाने ज्येष्ठ शिक्षक आणि मुख्याध्यापक उलट अधिक गैरहजर आढळले. नुकतीच तपासणी झालेल्या आणि भौतिक सुविधा बऱ्या असलेल्या शाळांत अनुपस्थिती कमी होती. शिक्षेची भीती मात्र जवळपास नव्हतीच: सुमारे तीन हजार सरकारी शाळांपैकी केवळ एका मुख्याध्यापकाने वारंवारच्या गैरहजेरीबद्दल शिक्षकाला बडतर्फ केल्याचे सांगितले.

उत्तरदायित्वाच्या उपायांत सर्वाधिक चर्चा झालेला प्रयोग राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी अनौपचारिक शिक्षण केंद्रांवर २००३ पासून झाला. एस्थर दुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांच्या या अभ्यासात काही केंद्रांना तारीख-वेळ बदलता न येणारे कॅमेरे दिले होते. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी एका विद्यार्थ्याने शिक्षक आणि मुले यांचा फोटो काढायचा. दोन फोटोंत किमान पाच तासांचे अंतर आणि पुरेशी मुले दिसली तरच दिवस धरला जाई. महिन्याचे २० दिवस भरले तर १,००० रुपये, त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा, आणि कमी पडलेल्या प्रत्येक दिवसाला ५० रुपयांची कपात, मात्र ५०० रुपयांच्या खाली नाही. म्हणजे २४ दिवस आलेल्याला १,२०० रुपये मिळत आणि १४ दिवस आलेल्याला ७००. कॅमेरा नसलेल्या केंद्रांत अनुपस्थिती ४२ टक्के होती, कॅमेरा असलेल्यांत २१ टक्के. मुलांचे चाचणीतील गुणही वाढले.

या यशाचे श्रेय कॅमेऱ्याला देणे घाईचे ठरते. केनियात बालवर्गाच्या शिक्षकांना हजेरीवर बक्षीस देण्याची योजना क्रेमर यांनीच अभ्यासली होती. तिथे हजेरी नोंदवण्याचे काम मुख्याध्यापकांकडे होते, आणि त्यांनी शिक्षक आले-न आले तरी बक्षिसे देऊन टाकली. रोज एकाच खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्याचे पैसे कापायला कोण धजणार? उदयपूरमध्ये कपातीचा हिशेब फोटोंवरून संस्थेच्या कार्यालयात होई, तिथे रदबदलीला वाव नव्हता.

पुढे त्याच जिल्ह्यात सरकारी परिचारिकांसाठी वेळ नोंदवणारी यंत्रे बसवण्यात आली. अभिजित बॅनर्जी, दुफ्लो आणि रेचेल ग्लेनरस्टर यांना सुरुवातीला हजेरी जवळजवळ दुप्पट झालेली दिसली, पण १६ महिन्यांनंतर फरक उरला नव्हता. यंत्रे होती; आरोग्य प्रशासनाने मात्र ‘सूट दिलेले दिवस’ वाढवत नेले, आणि त्या दिवशी न आलेली परिचारिका नोंदीत गैरहजर ठरत नव्हती. सरकारी शाळांतही बैठक, प्रशिक्षण, सर्वेक्षण अशी कारणे हालचाल नोंदवहीत लिहून बाहेर पडता येते. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई करते, तरी हजेरीच्या उपकरणाला खरे काम आणि सोयीचे कारण यांतला फरक कळत नाही; तो ठरवणारा अधिकारी लागतोच.