दोन डॉक्टरांची दोन मतं, मग चूक कुणाची?

आपल्याकडे पेशंटचं काही बरंवाईट झालं की नातेवाईक दुसऱ्या डॉक्टरकडे फाईल घेऊन जातात आणि तो म्हणतो, "मी असतो तर हे असं केलं नसतं." झालं, लोकांना वाटतं केस हातात आली. पण कोर्टात नुसत्या या एका वाक्याला फार किंमत नसते, आणि ती का नसते याची गोष्ट लंडनच्या एका मनोरुग्णालयात १९५४ साली सुरू होते.

बोलम नावाचा पेशंट डिप्रेशनसाठी फ्रायर्न हॉस्पिटलमध्ये स्वतःहून दाखल झालेला. त्याला शॉक ट्रीटमेंट दिली, म्हणजे डोक्यातून थोडा वेळ करंट सोडून मुद्दाम फिट आणायची. फिट आली की अंगातले सगळे स्नायू एकदम, पूर्ण ताकदीने आखडतात. स्नायू ढिले ठेवणारं औषध आधी दिलं नसेल तर तो जोर सरळ हाडांवर येतो. बोलमला ते औषध दिलं नव्हतं, हातपायही धरून ठेवले नव्हते, तोंडात गॅग होता आणि पेशंट खाली पडू नये म्हणून बाजूला नर्स उभे होते एवढंच. फिट आली आणि मांडीच्या हाडांची वरची टोकं खुब्याच्या वाट्या फोडून आत घुसली, दोन्ही बाजूंना.

आज वाचताना आपण म्हणणार, हा उघड उघड निष्काळजीपणा आहे. पण कोर्टात साक्षीला आलेल्या डॉक्टरांमध्येच एकमत नव्हतं. काही म्हणाले औषध द्यायलाच हवं होतं, काही म्हणाले नको, कारण त्या औषधासोबत भूल द्यावी लागते आणि भुलीत पेशंट दगावण्याचा धोका (छोटा का होईना) असतो, तर फ्रॅक्चरचा धोकाही छोटाच आहे, मग एक छोटा धोका टाळायला दुसरा जीवघेणा का घ्यायचा? धरून ठेवण्याबद्दलही तेच, काहींच्या मते जेवढं दाबून धराल तेवढी हाडं मोडायची शक्यता जास्त. म्हणजे दोन्हीकडे विचार करणारे, रोज हेच काम करणारे डॉक्टर.

१९५७ मध्ये जज मॅकनेअर यांनी ज्युरीला जे समजावलं ते पुढे बोलम टेस्ट म्हणून ओळखलं जायला लागलं. साध्या भाषेत असं, की त्या विषयातल्या जबाबदार डॉक्टरांचा एक गट जी पद्धत योग्य मानतो त्या पद्धतीने काम केलं असेल तर डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, मग दुसऱ्या गटाचं मत कितीही उलटं असो. डॉक्टर जगातला सर्वात हुशार असायची गरज नाही, त्या कामात सर्वसाधारण कौशल्य असलेल्या माणसाएवढी काळजी त्याने घ्यायला हवी. बोलम केस हरला. मात्र जजनी हेही सांगितलं की अठराव्या शतकात जशी सर्जरी करायचे तशीच मी करणार, भूल आणि जंतुनाशकं मी मानत नाही, असा हट्ट कुणी धरला तर तो चालणार नाही.

आणि योग्य पद्धत काळाबरोबर सरकते बरं का. भारतात २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याने भूल आणि स्नायू ढिले करणारं औषध न देता शॉक द्यायला सरळ बंदीच आहे, म्हणजे बोलमच्या डॉक्टरांनी जो पर्याय निवडला तो आज इथे पर्यायच राहिलेला नाही. पण १९५४ च्या डॉक्टरला मोजायचं तर १९५४ च्या मापानेच.

आता यातली गोची तुमच्या लक्षात आली असेल. डॉक्टर चुकला का हे डॉक्टरच ठरवणार, मग दोन-चार मित्र साक्षीला आणले की सुटला? मला ही शंका अगदी रास्त वाटते, आणि तेव्हा ब्रिटनचं सर्वात वरचं कोर्ट असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सलाही ती घ्यावी लागली, १९९७ च्या बोलिथो केसमध्ये. दोन वर्षांचं मूल हॉस्पिटलमध्ये असताना त्याला श्वास घ्यायला दोनदा खूप त्रास झाला, नर्सने दोन्ही वेळा डॉक्टरला कळवलं, पण कुणी आलं नाही, शेवटी हृदय थांबलं आणि मेंदूला इजा झाली. न येणं ही चूक हॉस्पिटलने कबूलच केली. वाद वेगळाच होता, इजा टळायची तर श्वासनलिकेत नळी घालायला हवी होती, मग डॉक्टर आली असती तर तिने ती घातली असती का? ती म्हणाली नसती घातली, आणि तिच्या बाजूच्या एक्स्पर्टने सांगितलं की मूल मधल्या वेळात चांगलं दिसत होतं आणि एवढ्या लहान मुलाला नळी घालणंही धोक्याचं असतं. तेव्हा कोर्टाने म्हटलं की एक्स्पर्टचं मत आहे एवढंच पुरेसं नाही, त्यांनी फायदा-धोका खरंच तोलला का आणि ते मत तर्काला टिकतं का हे आम्ही बघणार. गंमत अशी (गंमत म्हणणं बरं नाही, पण) या केसमध्ये ते मत टिकलं, म्हणजे नियम बदलला आणि ते कुटुंब मात्र हरलं.

आपल्या सुप्रीम कोर्टाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात बोलम टेस्ट स्वीकारली, आणि फौजदारी गुन्हा म्हणायचा तर निष्काळजीपणा खूप ठळक हवा असंही सांगितलं. पण माझ्या मते मराठी वाचकाने माहीत करून घ्यावी अशी केस त्याच्या खूप आधीची आहे, जोशी विरुद्ध गोडबोले. मे १९५३, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत, संध्याकाळी पुळणीवर एका विशीतल्या मुलाचं डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधल्या. मग टॅक्सीने पुणे, दोनशे मैल, अकरा तास. पुण्यात सर्जननी मॉर्फियाची दोन इंजेक्शनं तासाच्या अंतराने द्यायला सांगितलं, दिलं गेलं एकच. ऑपरेशन थिएटरमधून पाय प्लास्टरमध्ये घालून बाहेर आणला, वडील स्वतः डॉक्टर, सगळं ठीक आहे समजून दौंडला परतले, आणि थोड्याच वेळात मुलाला श्वास लागला. रात्री नऊला तो गेला.

सर्टिफिकेटवर कारण लिहिलं फॅट एम्बोलिझम. म्हणजे मोठं हाड मोडलं की आतल्या मज्जेतले चरबीचे थेंब रक्तात शिरून फुप्फुसात अडकतात. हे खरंच होतं, आणि बऱ्याचदा मोडल्यानंतर एक ते तीन दिवसांत होतं, त्यामुळे बचाव ऐकायला पटणारा होता. आरोप होता की भूल न देताच हाड ओढून बसवलं. पण सर्जननी कोर्टात असं म्हटलंच नाही की तसं करणं बरोबर आहे. ते म्हणाले, मी ते केलंच नाही, मी फक्त हलका ताण देऊन पाय स्थिर केला. म्हणजे भांडण दोन वैद्यकीय मतांचं नव्हतंच, त्या थिएटरमध्ये नेमकं काय घडलं याचं होतं. तिथे बोलम टेस्ट काही कामाची नाही. कोर्टांनी पुरावा तपासून ठरवलं की पूर्ण भूल न देता तीन माणसांनी जोर लावून हाड बसवलं आणि त्याच्या धक्क्याने मुलगा गेला. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं. भरपाई ३,००० रुपये.

माझा एक वकील मित्र म्हणतो की त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या बऱ्याच केसेस या दुसऱ्या जातीच्या असतात, इंजेक्शन किती वाजता दिलं, बीपी कधी मोजलं, सीनियरला फोन कधी गेला. म्हणून तो आलेल्या माणसाला पहिला प्रश्न दुसऱ्या डॉक्टरच्या मताचा विचारत नाही, केसपेपर मागितलेत का असं विचारतो. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यावं लागतं. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या, तोंडी मागितलेल्याचा ७२ तासांचा हिशोब नंतर कुणालाच लावता येत नाही.