रानटी अळंबी : घरगुती चाचण्या आणि खरी ओळख

पावसाळ्यात उगवलेली अळंबी खायची की नाही हे ठरवायला आपल्याकडे बऱ्याच घरगुती परीक्षा सांगतात. शिजवताना चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर विषारी. लसूण टाका, रंग बदलला तर फेका. किडे-गोगलगाय खातायत म्हणजे आपणही खाऊ शकतो, सालपट निघतं म्हणजे चांगली, पांढरी असली की बिनधास्त. यातली एकही परीक्षा चालत नाही, आणि का चालत नाही ते समजायला सोपं आहे.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. उकडलेल्या अंड्याने पण पडते, म्हणून अंडं काय विषारी नाही. लसणाचंही तसंच, तो आंबट पदार्थात घातला की त्याच्या स्वतःच्याच गंधकाच्या संयुगांमुळे हिरवा-निळा होतो, शेजारी अळंबी असो वा नसो. मुळात अळंबीतली विषं एकाच जातीची रसायनं नाहीत, प्रत्येकाची रचना वेगळी, त्यामुळे सगळ्यांना पकडेल असं एकच नाणं किंवा एकच पाकळी असूच शकत नाही.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे मूळची युरोपातली अ‍ॅमॅनिटा फॅलॉइडिस, इंग्रजीत जिला डेथ कॅप म्हणतात. तिचं सालपट सहज निघतं, गोगलगायी ती खातात, काही छोट्या माश्यांच्या अळ्या तर तिच्यासारख्या विषारी अळंबीतच वाढतात, कारण त्यांना ते विष बाधत नाही. ते उकळून जात नाही, वाळवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहसा 6 ते 12 तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होत चाललेलं असतं. एकच अळंबी मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणजे "थोडी खाऊन बघू, तासाभरात कळेल" ही परीक्षा पण गेली.

अळंबीतज्ज्ञ मुळात "विषारी आहे का" असं विचारतच नाहीत, "ही कोणती आहे" असं विचारतात. जात ठरली की ती खाण्याबद्दल आधीचा अनुभव काय सांगतो ते बघायचं, बस. (कोकणातली जाणती माणसं दरवर्षी त्याच वारुळावर जातात तेही हेच आहे, ती ओळख आहे, परीक्षा नाही.)

आपल्याकडचीच जोडी घेऊ. वारुळाजवळ उगवणारी टर्मिटोमायसिस, म्हणजे कोकण-गोव्यात बाजारात येते ती आवडती अळंबी, आणि सोसायटीच्या लॉनवर जूनच्या पावसानंतर येणारी मोठी पांढरी, वर तपकिरी खवले असलेली क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस. दुसरी खाल्ली तर 1 ते 3 तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात, सहसा माणूस मरत नाही पण सलाईन लागू शकतं. दोन्ही पांढऱ्या, छत्रीसारख्या, आणि देठावरच्या कड्यावर विसंबावं तर काही टर्मिटोमायसिसनाही कडं असतं.

म्हणून आधी बुंध्यापर्यंत खणून काढायची, सुरीने वरून कापायची नाही. टर्मिटोमायसिसचा देठ खाली मुळासारखा लांबत वाळवीच्या घरापर्यंत जातो, लॉनवालीचा तिथेच जरा फुगून संपतो. अ‍ॅमॅनिटा असली तर बुंध्याशी पिशवी किंवा तिचे अवशेष मातीत सापडू शकतात, वरून कापली की नेमका हाच पुरावा जमिनीत राहतो.

मग बीजाणूंचा ठसा. देठ कापून छत्र कागदावर असं ठेवायचं की त्याच्या खालच्या बाजूच्या पातळ पट्ट्या, म्हणजे पाती, कागदाला टेकतील, कागद अर्धा पांढरा अर्धा काळा घ्यायचा, कारण पांढरा ठसा पांढऱ्यावर दिसत नाही. वर पाण्याचा एक थेंब, त्यावर वाटी पालथी, आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी पावडरीचा ठसा दिसतो. टर्मिटोमायसिसचा फिकट गुलाबीसर, लॉनवालीचा मळकट हिरवा, आणि हा हिरवा इतका दुर्मिळ रंग आहे की तिथेच निकाल लागतो. कोवळ्या लॉनवालीची पाती पांढरीच असतात, हिरवट झाक नंतर येते, म्हणून नुसतं बघून लोक फसतात. छत्र फारच कोवळं असेल तर ठसाच पडत नाही, तेव्हा ओळख पटली नाही असंच धरायचं.

पण ठसा म्हणजे नवीन चांदीचं नाणं नव्हे. गुलाबी ठसा एंटोलोमा या गटातल्या अळंब्यांचाही पडतो आणि त्यातल्या काही विषारी आहेत. म्हणून पाती देठाला चिकटलेली की सुटी, दाबल्यावर रंग बदलतो का, वास कसा, कशावर उगवली, हे सगळं एकत्र जुळावं लागतं. तरी नक्की होत नसेल तर मायक्रोस्कोपखाली बीजाणूंचा आकार बघतात, आयोडीनच्या द्रावणाने ते निळे-काळे होतात का ते बघतात, आणि शेवटी डीएनए. नुसत्या वरून काढलेल्या फोटोत बुंधाही नसतो आणि ठसाही नसतो, त्यामुळे त्यावरून "चालेल, खा" सांगणाऱ्याचं ऐकू नये.

आणि कोणी खाऊन बसलंच असेल तर लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, उरलेली किंवा निवडताना टाकलेली अळंबी कागदी पिशवीत घालून सोबत न्यायची, आणि कधी खाल्ली ती वेळ सांगायची. त्रास 6 तासांनंतर सुरू झाला असेल तर डॉक्टर तो जास्त गंभीर धरतात, पण लवकर उलटी झाली म्हणून सुटलो असंही नाही, कारण ताटात दोन जातींची मिसळ असू शकते.