दहा प्रश्न आणि संत्र्यांची एक ऑर्डर: टेस्टिंगच्या प्राथमिक संज्ञांची सराव चाचणी

(आमच्या नागपूर येथील सॉफ्टवेअर टेस्टिंग वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी)

ही सराव चाचणी दिल्यानंतर उत्तरसूची चुकली असल्याची तक्रार जवळजवळ प्रत्येक बॅचमधून येते, आणि ती बहुधा पहिल्या तीन प्रश्नांबद्दलच असते. "सर, तिन्हींचं उत्तर बगच आहे ना?" हा प्रश्न फोनवर वारंवार समजावून सांगण्यापेक्षा उत्तरे स्पष्टीकरणासह छापावीत, असे आम्ही ठरविले. संज्ञा इंग्रजीच ठेवल्या आहेत, कारण मुलाखतीत आणि आयएसटीक्यूबीच्या परीक्षेत त्या त्याच शब्दांत विचारल्या जातात.

सर्व प्रश्न एकाच फॉर्मवर आधारलेले आहेत. एका संत्री विक्रेत्याला घरपोच ऑर्डर घ्यायची आहे. नियम असा की ऑर्डर 5 ते 50 किलोपर्यंत, दोन्ही आकडे धरून, आणि पूर्ण किलोतच असावी. प्रोग्रामरने पुढील ओळ लिहिली:

```
if (kg > 5 && kg <= 50)
```

प्रश्न 1. "5 पासून" हा नियम प्रोग्रामरने "5 पेक्षा जास्त" असा समजून घेतला. ही त्याची चूक म्हणजे काय?
अ) फेल्युअर ब) एरर क) डिफेक्ट

प्रश्न 2. त्यामुळे कोडमध्ये `kg > 5` असे राहून गेले. हे काय?
अ) डिफेक्ट ब) एरर क) फेल्युअर

प्रश्न 3. ग्राहकाने 5 टाकले आणि ऑर्डर नाकारली गेली. हे काय?
अ) एरर ब) डिफेक्ट क) फेल्युअर

उत्तरे: 1-ब, 2-अ, 3-क. एरर माणसाकडून होते, डिफेक्ट कोडमध्ये किंवा कागदपत्रात राहतो आणि फेल्युअर प्रोग्राम चालताना दिसते. "बग" हा डिफेक्टचाच दुसरा शब्द आहे. बोलताना आम्हीही तो सर्रास वापरतो, परंतु पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला तो लागू पडत नाही. कोणीही बरोबर 5 किलो मागितले नाहीत, तर डिफेक्ट वर्षभर तसाच पडून राहील आणि फेल्युअर एकदाही दिसणार नाही.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. मागच्या एका बॅचमधील विद्यार्थ्याने याच फॉर्मच्या बग रिपोर्टमध्ये "फॉर्ममध्ये एरर येत आहे" एवढेच लिहिले होते. प्रोग्रामरची भूमिका माझ्याकडे होती. मी 10, 20 आणि 45 टाकून पाहिले, तिन्ही ऑर्डरी स्वीकारल्या गेल्या, आणि त्या एका वाक्यापायी माझा अर्धा तास गेला. टेस्टरला सहसा फक्त फेल्युअर दिसते, म्हणून त्याने तेच लिहावे: "वजनाच्या रकान्यात 5 टाकून ऑर्डरचे बटण दाबले. अपेक्षित: ऑर्डर स्वीकारली जावी. प्रत्यक्षात: ऑर्डर नाकारली गेली." कोडमधला दोष कोणता, हे शोधण्याचे काम प्रोग्रामरचे असते आणि त्याला डिबगिंग म्हणतात. असा रिपोर्ट नसेल तर आम्ही तो न तपासता परत देतो. काही पालकांना हे कठोर वाटते, तरीही आम्ही हा नियम बदललेला नाही.

प्रश्न 4. टेस्टरने 20 टाकले आणि ऑर्डर स्वीकारली गेली. यावरून काय म्हणता येईल?
अ) फॉर्ममध्ये डिफेक्ट नाही ब) या इनपुटला फेल्युअर आले नाही क) टेस्टिंग पूर्ण झाले

उत्तर: ब. टेस्टिंगने डिफेक्ट आहे हे दाखविता येते, नाही हे सिद्ध करता येत नाही.

प्रश्न 5. पूर्णांक वजनांचे इक्विव्हॅलन्स पार्टिशन किती?
अ) दोन ब) तीन क) पन्नास

उत्तर: ब. 4 आणि त्याखालील, 5 ते 50, 51 आणि त्यावरील. एका पार्टिशनमधील सर्व आकड्यांना प्रोग्रामने सारखीच वागणूक द्यावी, असे येथे गृहीत असते. "दोन" लिहिणारे विद्यार्थी वैध आणि अवैध एवढेच मोजतात. परंतु खालचा आणि वरचा अवैध भाग वेगवेगळ्या अटींनी अडविला जातो.

प्रश्न 6. दोन-मूल्य बाउंडरी व्हॅल्यू अॅनालिसिसनुसार कोणती वजने तपासावीत?
अ) 5, 27, 50 ब) 4, 5, 50, 51 क) 1, 5, 50, 100

उत्तर: ब. प्रत्येक सीमेवरचा आकडा आणि तिच्या पलीकडचा लगतचा आकडा घ्यायचा. आपल्या ओळीवर हे चालवून पाहावे: 4 नाकारले जाते, बरोबर, 5 नाकारले जाते, चूक, 50 स्वीकारले जाते, बरोबर, 51 नाकारले जाते, बरोबर. चार आकड्यांत दोष सापडला. 6 ते 49 मधला प्रत्येक आकडा टाकत बसलो असतो, तरी तो सापडला नसता.

प्रश्न 7. प्रोग्रामरने दुरुस्ती केल्यावर टेस्टरने पुन्हा 5 टाकले. हे कोणते टेस्टिंग?
अ) रिग्रेशन ब) कन्फर्मेशन क) स्मोक

प्रश्न 8. त्यानंतर त्याने आधी बरोबर चाललेले 4, 50 आणि 51 पुन्हा टाकले. हे कोणते?
अ) रिग्रेशन ब) कन्फर्मेशन क) लोड

उत्तरे: 7-ब, 8-अ. कन्फर्मेशनलाच रिटेस्टिंग असेही म्हणतात. वर्गातील सरावात प्रोग्रामरने केलेली दुरुस्ती अशी असते:

```
if (kg >= 5 && kg < 50)
```

5 स्वीकारले जाते, म्हणून घाईचा टेस्टर रिपोर्ट बंद करतो. परंतु दुरुस्ती करताना बरोबरीचे चिन्ह एका बाजूने आले आणि दुसऱ्या बाजूने गेले. आता 50 नाकारले जातात. हा नवा दोष रिग्रेशनमध्येच हाती लागतो. दुरुस्ती जाणूनबुजून अशी दिलेली असते, हे येथे छापल्यामुळे पुढच्या बॅचसाठी आम्हाला दुसरा फॉर्म शोधावा लागणार आहे.

प्रश्न 9. मुखपृष्ठावर "नागपूर"ऐवजी "नागपुर" छापले गेले आहे आणि उद्या सकाळी जाहिरात निघणार आहे. हा दोष कसा?
अ) सिव्हिअरिटी जास्त, प्रायॉरिटी कमी ब) दोन्ही जास्त क) सिव्हिअरिटी कमी, प्रायॉरिटी जास्त

उत्तर: क. ऑर्डरीचे काही अडत नाही, म्हणून सिव्हिअरिटी कमी. तरीही जाहिरातीपूर्वी दुरुस्ती हवी, म्हणून प्रायॉरिटी जास्त.

प्रश्न 10. फॉर्म लेखी नियमाप्रमाणे अचूक चालतो, परंतु विक्रेता म्हणतो, "माझे गिऱ्हाईक क्रेट मागते, किलो नाही." काय राहून गेले?
अ) व्हेरिफिकेशन ब) व्हॅलिडेशन क) डिबगिंग

उत्तर: ब. लिहून दिल्याप्रमाणे बनले आहे का, हे व्हेरिफिकेशन पाहते. वापरणाऱ्याला जे हवे ते बनले आहे का, हे व्हॅलिडेशन पाहते. येथे लेखी नियमच विक्रेत्याच्या गरजेशी जुळत नव्हता.

ज्यांचे पहिल्या तीनपैकी एकही उत्तर चुकले असेल, त्यांनी आपली उत्तरपत्रिका आणि स्वतः लिहिलेला एक बग रिपोर्ट घेऊन शनिवारच्या शंका-सत्रास यावे. आमच्या विद्यार्थ्यांना त्याचे वेगळे शुल्क नाही. बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही पहिल्या सत्रास बसता येईल, मात्र बग रिपोर्ट त्यांनीही आणावा.