आजीवन काळजी लागणाऱ्या अपत्यासाठीची गुंतवणूक

तीव्र स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी अशा कारणांमुळे ज्या अपत्याला आयुष्यभर दुसऱ्याचा आधार लागणार आहे, त्याच्या उदरनिर्वाहासाठी आणि देखभालीसाठी आईवडील हयातीत जो निधी उभारतात, त्याचा या नोंदीत विचार केला आहे. निवृत्तीची पुंजी आईवडिलांच्या हयातीपुरती पुरली तरी चालते. हा निधी मात्र त्यांच्या मागे आणखी कित्येक वर्षे पुरावा लागतो.

हिशेबातली सर्वांत मोठी चूक सुरुवातीलाच होते. आज होणारा खर्च आधाराला धरला जातो. पण अंघोळ, जेवण, औषधे, रात्रीची जाग ही आईवडिलांची विनावेतन कामे त्यात नसतात, आणि त्यांच्या मागे यातल्या प्रत्येक कामासाठी पगार द्यावा लागतो. उदाहरणार्थ, प्रत्यक्ष खर्च वर्षाला ६० एकके आणि या श्रमांचे बाजारमूल्य ४० एकके असेल, तर हिशेब १०० एककांचा धरावा. शिवाय काळजीवाहकांचे पगार बहुधा सर्वसाधारण महागाईपेक्षा वेगाने वाढतात, त्यामुळे परताव्यातून वजा करायची ती याच खर्चाची वाढ.

मूल १० वर्षांचे, आईवडील ४० वर्षांचे, ते ८० वर्षांपर्यंत जगतील आणि मूलही ८० वर्षांपर्यंत जगेल असे मानू. म्हणजे त्यांच्या मागे ३० वर्षे उरतात. खर्चाची वाढ वजा जाता परतावा २ टक्के राहिला, तर त्या वेळी वार्षिक खर्चाच्या सुमारे २२.४ पट निधी हाती असावा लागतो. वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत, म्हणजे २५ वर्षे, बचत करून पुढे ती रक्कम तशीच वाढू दिली, तर दरवर्षी आजच्या किमतींत सुमारे ५२ एकके बाजूला टाकावी लागतात. हीच सुरुवात १० वर्षे लांबली, तर हा आकडा ९६ वर जातो. कमावते पालक मध्येच गेले तर अपुरा राहिलेला निधी मुदत विम्याने भरून निघतो, म्हणून विम्याची रक्कम साठलेल्या निधीकडे पाहून ठरवावी.

सगळे पैसे बँकेच्या ठेवीत ठेवणे सुरक्षित वाटते. मात्र व्याज खर्चाच्या वाढीइतकेच राहिले, तर वास्तव परतावा शून्य होतो आणि २२.४ ऐवजी ३० पट निधी लागतो. म्हणून पुढच्या तीन-चार वर्षांचा खर्च ठेवींत आणि उरलेल्यातला मोठा भाग विविध कंपन्यांच्या समभागांत, अशी विभागणी केली जाते. बाजार कोसळला तरी समभाग पडत्या भावात विकावे लागत नाहीत. निधी पुरेल की नाही, हे दरवर्षी एका भागाकाराने तपासता येते: निधीला चालू वर्षाच्या खर्चाने भागावे. काळजीची २० वर्षे उरली असताना उत्तर १६ च्या बरेच खाली आले, तर निधी वेळेआधी आटणार आहे.

रक्कम थेट अपत्याच्या नावे ठेवणे बहुतेक वेळा घातक ठरते. जिथे सरकारी साहाय्य मालमत्ता पाहून दिले जाते, तिथे ते बंद पडू शकते, आणि फसवणुकीची भीतीही असते. त्यामुळे रक्कम विश्वस्तांच्या ताब्यातील न्यासात ठेवली जाते. विश्वस्त आईवडिलांच्याच वयाचे असले, तर न्यास नेमका गरजेच्या वेळी पोरका होतो. म्हणून एक तरी विश्वस्त अपत्याच्या पिढीतला असावा आणि त्याच्यानंतर कोण, हेही दस्तातच लिहून ठेवलेले असावे.